रिफंड मंजूर झाला, मग पैसे अजून वाटेत का?

प्रश्न: विक्रेत्याने रिफंड मंजूर केला, तसा मेसेजही आला. चार दिवस झाले तरी खात्यात काहीच नाही. खरेदीच्या वेळी डेबिट कार्डावरून पैसे दोन सेकंदांत गेले होते, मग परत यायला इतके दिवस का लागतात? आणि तोवर ते पैसे असतात कोणाकडे?

उत्तर: खरेदीच्या वेळी त्या दोन सेकंदांत तुमच्या खात्यातून पैसे बाहेर पडलेच नव्हते. तुमच्या बँकेने विक्रेत्याच्या बँकेला तेव्हा फक्त शब्द दिला होता. खरे पैसे नंतर एक-दोन दिवसांनी, फाइलींच्या संथ वाटेने गेले. तो प्रवास तुम्हाला दिसला नाही, कारण तुमची शिल्लक आधीच कमी झालेली होती. रिफंड त्याच संथ वाटेने उलटा येतो, आणि या वेळी तुम्ही त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असता.

मी बरीच वर्षं कार्ड व्यवहारांच्या सेटलमेंट विभागात काम करतो आहे. विक्रेत्याच्या बँकेच्या बाजूने रोज संध्याकाळी बाहेर जाणाऱ्या आणि सकाळी आत येणाऱ्या फाइलींचा ताळमेळ लावणं हे माझं काम. त्यामुळे ही वाट आतून कशी दिसते तेच सांगतो. कार्डाने केलेल्या खरेदीपुरतंच बोलतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

आधी खरेदी बघू. तुम्ही कार्डाचा तपशील भरला की विक्रेत्याच्या बँकेकडून Visa सारख्या कार्ड नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेला एक संदेश जातो. या संदेशांचा साचा ISO 8583 नावाच्या मानकात ठरलेला आहे. परवानगी मागणाऱ्या संदेशाचा क्रमांक 0100, आणि त्याच्या उत्तराचा 0110. तुमची बँक शिल्लक तपासते, तेवढी रक्कम बाजूला राखून ठेवते आणि 'चालेल' असं उत्तर देते. हेच ते दोन सेकंद. राखून ठेवलेली रक्कम तुमच्या शिलकीतून लगेच वजा दिसते, म्हणून आपल्याला वाटतं की पैसे गेले. प्रत्यक्षात ते अजून तुमच्याच बँकेत असतात, फक्त तुम्हाला त्यांना हात लावता येत नाही.

एवढी घाई कशासाठी, तर बँकेला स्वतःचं नुकसान टाळायचं असतं. रक्कम राखली नाही आणि तुम्ही तेच पैसे दुसरीकडे खर्च केले, तर दिलेला शब्द बँकेला पदरमोड करून पाळावा लागेल. रिफंडच्या बाबतीत अशी टांगती तलवार कोणाच्याच डोक्यावर नसते. पैसे तुमच्याकडे उशिरा पोचले तर ज्याचं अडतं असे तुम्ही एकटेच. म्हणून खरेदीच्या परवानगीसाठी सेकंदात उत्तर देणारी यंत्रणा आधी उभी राहिली आणि रिफंड रोजच्या फाइलींच्या भरवशावर राहिला. अलीकडे कार्ड नेटवर्कनी रिफंडसाठीही आधी परवानगीचा संदेश पाठवण्याची पद्धत आणली आहे. ती विक्रेत्याने आणि दोन्ही बँकांनी नीट वापरली तर ॲपमध्ये रिफंडची रक्कम 'येणार आहे' अशी लगेच दिसते. पण तिथेही जे दिसतं तो शब्दच असतो. पैसे फाइलीनेच येतात.

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. खरेदी रद्द करणं आणि रिफंड देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याने खरेदीची नोंद अजून फाइलीत घालून पुढे पाठवलेली नसेल, तर त्याला दिलेला शब्दच मागे घेता येतो. त्यासाठी 0400 हा उलटा संदेश जातो आणि तुमच्या बँकेने राखलेली रक्कम मोकळी होते. पैसे हललेच नव्हते, त्यामुळे परत काही यायचंही नसतं. खात्यात 'रिफंड' अशी जमेची ओळ कधीच दिसत नाही, उलट खरेदीची प्रलंबित ओळच गायब होते. अशी जमेची ओळ शोधत आठवडा काढलेले कितीतरी ग्राहक मी पाहिले आहेत. पैसे त्यांच्या शिलकीत पहिल्याच दिवशी मोकळे झालेले होते. म्हणून तुमची ऑर्डर त्याच दिवशी किंवा माल निघण्याआधी रद्द झाली असेल, तर आधी मूळ खरेदीची ओळ अजून आहे का ते बघा.

ती ओळ पक्की झालेली असेल, म्हणजे खरेदीचे पैसे विक्रेत्याच्या बाजूला जाऊन पोचले असतील, तर मात्र खरा रिफंड लागतो. रिफंड म्हणजे जुना व्यवहार पुसणं नाही. तो उलट्या दिशेचा एक नवा, स्वतंत्र व्यवहार आहे. Visa च्या फाइलीत खरेदीच्या नोंदीला 05 हा कोड असतो आणि रिफंडच्या नोंदीला 06. दोन्ही ओळी एकाच फाइलीत, एकाच रांगेत, एकाच वेगाने जातात.

आता एक उदाहरण तारखा-वारांसकट घेऊ. समजा, तुम्ही रविवार, ८ जून २०२५ रोजी केलेल्या खरेदीतली वस्तू परत पाठवली. शुक्रवार, १३ जूनला दुपारी चार वाजता विक्रेत्याच्या ग्राहकसेवेतल्या माणसाने वस्तू मिळाल्याची खात्री करून 'मंजूर' केलं. तुम्हाला मेसेज आला तो याच क्षणी. पण या मंजुरीने फक्त विक्रेत्याच्या स्वतःच्या प्रणालीत एक खूण झाली. बँकेला अजून पत्ता नाही. बऱ्याच ठिकाणी रिफंड एकाने मंजूर करायचा आणि हिशेब विभागातल्या दुसऱ्याने तपासून पुढे सोडायचा असा नियम असतो, आणि तो योग्यच आहे. नाहीतर आतला एखादा माणूस स्वतःच्याच कार्डावर रिफंड काढेल. आपल्या उदाहरणात हिशेब विभागाने ती यादी संध्याकाळी साडेसात वाजता सोडली.

विक्रेत्याच्या बँकेची त्या दिवशीची फाइल मात्र सहा वाजताच बंद झाली होती. त्यानंतर आलेलं सगळं पुढच्या फाइलीत. या बँकेची पुढची फाइल सोमवारी, १६ जूनच्या संध्याकाळी निघते असं धरू. म्हणजे शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी संध्याकाळपर्यंत तुमचा रिफंड एका रांगेत नुसता पडून आहे. कोणी अडवलेला नाही, कोणी नाकारलेला नाही, त्याची गाडी चुकली आहे एवढंच. दिवसांच्या मोजणीतला सगळ्यात मोठा तुकडा बहुतेक वेळा इथेच जातो.

सोमवारी रात्री फाइल नेटवर्ककडे पोचते. तिथे जगभरातून आलेल्या ओळी कार्ड देणाऱ्या बँकांप्रमाणे वेगळ्या केल्या जातात. मंगळवारी सकाळी तुमच्या बँकेला तिच्या वाट्याची फाइल मिळते. आता तिचं काम सुरू होतं. कार्ड क्रमांकावरून खातं शोधायचं, खातं चालू आहे का बघायचं, रिफंडच्या ओळीत संशय घेण्यासारखं काही आहे का तपासायचं. खरेदी कधी झालीच नाही अशा कार्डावर मोठा रिफंड सोडणं हा पैसे चोरण्याचा जुना मार्ग आहे, त्यामुळे ही तपासणी उगाच नसते. पुष्कळ बँका अशा जमा रकमा दिवसअखेरीच्या प्रक्रियेत खात्यांना लावतात. म्हणजे मंगळवारी रात्री, आणि तुम्हाला दिसणार बुधवारी, १८ जूनला सकाळी. मेसेज आल्यापासून कॅलेंडरचे पाच दिवस गेले. कामाचे दिवस मोजले तर शुक्रवारनंतर जेमतेम तीन. मध्ये दोनपैकी कोणत्याही एका बँकेला सुटी असती तर आणखी एक दिवस वाढला असता. मेसेजमध्ये विक्रेता 'पाच ते सात कामाचे दिवस' लिहितो, कारण तुमची बँक वेगवान आहे की संथ हे त्याला माहीत नसतं. तो सगळ्यात संथ बँक डोळ्यांपुढे ठेवून लिहितो.

तोवर पैसे कोणाकडे असतात, हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग. विक्रेता रिफंडसाठी सहसा वेगळे पैसे भरत नाही. त्याच्या पुढच्या विक्रीतून त्याला जे मिळायचं असतं, त्यातून त्याची बँक किंवा गेटवे, म्हणजे त्याच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणारी कंपनी, ती रक्कम कापून घेतं. हे कापणं बहुधा विक्रेत्याने बटण दाबताच होतं. म्हणून विक्रेता 'आमच्याकडून पैसे गेले' असं म्हणतो तेव्हा तो सहसा खोटं बोलत नसतो. त्याच्या खात्यातून गेलेले असतात, तुमच्या खात्यात पोचलेले नसतात, आणि मधल्या काळात ती रक्कम त्याच्या बँकेच्या किंवा गेटवेच्या हिशेबात उभी असते.

पुढे जे होतं ते बहुतेकांना माहीत नसतं. बँका एकमेकींना प्रत्येक व्यवहाराचे वेगळे पैसे पाठवत नाहीत. दिवसभराच्या सगळ्या ओळींची बेरीज-वजाबाकी होते आणि निव्वळ फरक तेवढा एका बँकेकडून दुसरीकडे जातो. समजा, त्या दिवशी तुमच्या बँकेच्या ग्राहकांनी केलेल्या सारख्याच रकमेच्या शंभर खरेद्या फाइलीत आहेत आणि तेवढ्याच रकमेचे तीन रिफंड आहेत. तर तुमची बँक शंभरांचे पैसे देऊन तिघांचे परत घेत बसत नाही, ती सत्त्याण्णवांचेच देते. म्हणजे तुमचा रिफंड 'आला' याचा अर्थ तुमच्या बँकेला त्या दिवशी थोडं कमी द्यावं लागलं, इतकाच. तुमच्या नावाचं पैशांचं पाकीट कुठूनही निघालेलं नसतं. त्या रकमेवर तुमचा हक्क सांगणारी एकच गोष्ट म्हणजे फाइलीतली ती 06 ची ओळ. ती ओळ वाचून खात्याला लावल्याशिवाय बँकेला कळणारच नाही की हे कमी दिलेले पैसे कोणाचे. या अवस्थेत बँकेत पैसे आहेत आणि खात्यात नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आता कुठे अडतं ते सांगतो. पहिली अडचण विक्रेत्याच्या शिलकीची. रिफंड पुढच्या विक्रीतून कापला जातो म्हटलं, पण विक्रीच नसेल तर? हंगाम संपला, धंदा मंदावला, किंवा एकाच वेळी खूप रिफंड निघाले, की कापायला रक्कम उरत नाही. अशा वेळी गेटवे रिफंड रांगेत ठेवतं आणि विक्रेत्याने पैसे भरेपर्यंत पुढे सोडत नाही. विक्रेत्याच्या पडद्यावर तेव्हा बहुधा 'Pending' दिसतं, तुमच्या पडद्यावर मात्र 'Refund approved' तसंच राहतं. तुमचा विक्रेता छोटा असेल आणि आठवडा उलटला असेल, तर माझी पहिली शंका इथेच जाते.

दुसरी अडचण फाइलीची, आणि ती मी स्वतः निस्तरली आहे. एका शुक्रवारी आमच्याकडून गेलेली रिफंडची एक फाइल नेटवर्कने अख्खी परत पाठवली. फाइलीच्या शेवटच्या ओळीत एकूण रक्कम लिहिलेली असते, आणि ती आतल्या ओळींच्या बेरजेशी जुळत नव्हती. एका ओळीची चूक, पण नियम असा की बेरीज जुळली नाही तर काहीच घ्यायचं नाही. नकाराची सूचना एका मेलबॉक्समध्ये येऊन पडली होती आणि शनिवार-रविवार तो कोणी उघडला नाही. सोमवारी दुपारी मी ताळमेळ लावायला बसलो तेव्हा गेलेल्या रिफंडांसमोर नेटवर्कची पोच सापडेना, तेव्हा ते लक्षात आलं. तोवर विक्रेत्यांना, आणि त्यांच्यामार्फत ग्राहकांना, 'Processed' असंच दिसत होतं. फाइल दुरुस्त करून त्याच संध्याकाळी पाठवली, पण त्या लोकांचे तीन दिवस आमच्यामुळे गेले. तेव्हापासून मी 'Processed' या शब्दावर विसंबत नाही. तो शब्द फक्त एवढं सांगतो की विक्रेत्याच्या बाजूने सूचना निघाली. ती पोचली का, हे सांगत नाही.

मग कशावर विसंबायचं? त्यासाठी एक आकडा आहे, अ‍ॅक्वायरर रेफरन्स नंबर. विक्रेत्याची बँक फाइलीसाठी ओळ तयार करते तेव्हा प्रत्येक ओळीला हा २३ अंकी क्रमांक देते, आणि तोच क्रमांक नेटवर्कमधून तुमच्या बँकेपर्यंत जातो. पडद्यावर तो ARN म्हणून दिसतो. आपल्या उदाहरणातल्या रिफंडचा तो असा असू शकेल:

```
74000005167000000123458
```

यातला पहिला अंक साच्याचा. पुढचे सहा, `400000`, विक्रेत्याच्या बँकेची ओळख सांगतात. त्यानंतरचे चार, `5167`, ही तारीख आहे. 5 म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, २०२५ मधला, आणि 167 म्हणजे वर्षाचा एकशे सदुसष्टावा दिवस. मोजून बघा, तो १६ जून येतो. पुढचे अकरा अंक त्या ओळीचा अनुक्रमांक आणि शेवटचा एक अंक पडताळणीचा. म्हणजे मंजुरीचा मेसेज १३ तारखेचा असला तरी ओळ प्रत्यक्षात १६ तारखेला तयार झाली, हे तुम्ही स्वतः वाचू शकता. कोणाला विचारायची गरज नाही.

म्हणून मी लोकांना सांगतो, मंजुरीनंतर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग विक्रेत्याकडे हा क्रमांक मागा. त्याआधी मागून उपयोग नाही, कारण तोवर तो जन्मालाच आलेला नसतो. मागितल्यावर विक्रेता कधीकधी भलताच क्रमांक देतो. इंग्रजी अक्षरं मिसळलेला लांबलचक क्रमांक असेल तर तो गेटवेचा अंतर्गत क्रमांक असतो, आणि तुमच्या बँकेला त्याचा बोध होत नाही. बारा आकड्यांचा असेल तर तो बहुधा RRN, दुसऱ्या कामाचा संदर्भ क्रमांक. शोधायला त्याची थोडी मदत होते, पण रिफंडची ओळ फाइलीतून निघाल्याचा पुरावा तो नाही. मोजून २३ अंक हवेत.

क्रमांक मिळाला तर पैसे विक्रेत्याच्या बाजूने निघालेले आहेत आणि आता त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या बँकेला तो क्रमांक, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक द्या. 'माझा रिफंड कुठे आहे' असं विचारलंत तर समोरचा माणूस तुमचं खातंच उघडून 'इथे काही दिसत नाही' म्हणेल. 'या ARN ची जमा नोंद आलेल्या फाइलीत शोधा' असं सांगितलंत तर त्याला ती विनंती कार्ड विभागाकडे पाठवावी लागते, आणि उत्तर तिथेच असतं. विक्रेत्याला क्रमांक देता येत नसेल, तर रिफंड अजून त्याच्या किंवा गेटवेच्या रांगेत आहे आणि तुमच्या बँकेला फोन करून वेळ घालवू नका. अपवाद एकच, तो वर सांगितलेल्या रद्द व्यवहाराचा. तिथे रिफंडची ओळच नसते, म्हणून क्रमांकही नसतो.

क्रमांक आहे, फाइल बँकेपर्यंत पोचली आहे, तरीही जमा नाही, असं झालं तर कार्ड बदललं होतं का ते आठवा. रिफंड ज्या कार्डावरून खरेदी झाली त्याच क्रमांकावर येतो. जुनं कार्ड बंद होऊन नवं आलं असेल तर बहुतेक बँका जुना क्रमांक त्याच खात्याला जोडून ठेवतात आणि रक्कम आपोआप लागते. पण खातंच बंद केलं असेल तर ती रक्कम बँकेच्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे धनी न सापडलेल्या रकमा ठेवायच्या खात्यात, जाऊन बसते. तिथून ती यंत्र बाहेर काढत नाही, माणूस काढतो, आणि तोही कोणी मागणी केल्यावर. यात आठवडे जाऊ शकतात. अशा वेळी लेखी अर्ज करा, बंद खात्याचा तपशील आणि ARN जोडा, आणि पैसे कोणत्या खात्यात हवेत ते लिहा. क्रेडिट कार्डावरचा रिफंड तर बँक खात्यात येतच नाही, तो कार्डाच्याच थकबाकीतून वजा होतो. बिल निघाल्यावर तो आला तर देय रकमेतून तो वजा झाला आहे का हे बँकेकडे तपासा आणि उरलेली रक्कम देय तारखेपर्यंत भरा.

विक्रेत्याने मंजुरी लेखी दिली आणि नंतर तो ना क्रमांक देतो ना पैसे, अशी वेळ आली तर तुमच्या बँकेकडून चार्जबॅक मागता येतो, म्हणजे विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत खेचून घेता येतात. Visa च्या नियमांत यासाठी स्वतंत्र कारण आहे, 13.6, 'रिफंड कबूल केला पण दिला नाही' या अर्थाचं. त्यासाठी विक्रेत्याच्या कबुलीच्या तारखेपासून साधारण १५ दिवस थांबावं लागतं, म्हणून बँकेने पहिल्या आठवड्यात अर्ज घेतला नाही तर ती टाळाटाळ करते आहे असं लगेच समजू नका. मात्र तो मंजुरीचा मेसेज किंवा मेल डिलीट करू नका. तारखेसकट त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण बँक सगळ्यात आधी तोच मागेल.